समोरच्याने हात वर केले तर

खानदेशात कापसाचा हंगाम सुरू झाला की एकच शब्द सगळीकडे ऐकू येतो, चुकारा. धरणगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा, कुठेही जा. भाव काय मिळाला हे शेतकरी आनंदाने सांगतो, पण चुकारा कधी मिळणार हे विचारले की आवाज खाली येतो. खेडा खरेदीत कापूस दारातून मोजून जातो. थोडे पैसे हातावर पडतात आणि उरलेल्यांसाठी आठ-पंधरा दिवसांचा वायदा असतो. व्यापारी तोच कापूस जिनिंगला घालतो आणि जिनिंगवाल्याकडून त्याचेही पैसे यायचे असतात. जिनिंगवाला रुईच्या गाठी सूतगिरणीला पाठवतो आणि गिरणीच्या पैशांची वाट पाहतो. साखळीतली एक कडी तुटली की धक्का मागे सरकत शेवटी शेतात येऊन थांबतो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातही हेच आहे. ट्रक भरून माल गेला, चेक परत आला आणि व्यापाऱ्याचा फोन बंद, अशा तक्रारी दरवर्षी पोलीस ठाण्यात जातात.

यावर पेठेचे जुने उत्तर म्हणजे पत. माणूस कोण, कुणाचा नातेवाईक, मागच्या दुष्काळात त्याने पैसे दिले होते का, हे पाहून सौदा होतो. धरणगावच्या एका जिनिंगवाल्याने मला सांगितले, “भाऊ, मी गाठी विकत नाही, मी आधी माणूस पारखतो.” ही रीत वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती चालत आली आहे. पण तिला एक मर्यादा आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याशी सौदा करता येत नाही, आणि ज्याला ओळखतो तो बुडाला तर आपणही बुडतो.

याच जिनिंगवाल्याने हंगामात मुंबईच्या एमसीएक्सवर कापसाचा वायदा विकला, तर खरेदी करणारा कोण हे त्याला कधीच कळत नाही. तो कोईमतूरचा गिरणीमालक असेल, राजकोटचा व्यापारी असेल किंवा पुण्यात बसून संगणकावर सौदे करणारा कुणी तरुण असेल. त्याची पत कुणी पाहिलेली नसते. तरी रोज संध्याकाळी पैशांचा हिशेब पूर्ण होतो. हे शक्य होते ते क्लिअरिंग कॉर्पोरेशन नावाच्या संस्थेमुळे. एमसीएक्सच्या सौद्यांसाठी हे काम मल्टी कमोडिटी एक्स्चेंज क्लिअरिंग कॉर्पोरेशन करते. २०१८ च्या सप्टेंबरपासून ही वेगळी संस्था काम करू लागली. त्याआधी एक्स्चेंज स्वतःच हे काम पाहत असे. शेअर बाजारात तिच्यासारखी पहिली संस्था एनएसईने १९९५ मध्ये काढली होती.

या संस्थेचे मूळ काम ऐकायला साधे आहे. संगणकावर विक्री आणि खरेदीची किंमत जुळली की दोघांमधला करार कायद्याने संपतो आणि त्याच्या जागी दोन करार उभे राहतात. विक्रेत्याने क्लिअरिंग कॉर्पोरेशनला विकले आणि खरेदीदाराने क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून घेतले. ही संस्था प्रत्येक विक्रेत्याची खरेदीदार होते आणि प्रत्येक खरेदीदाराची विक्रेता. समोरच्याने हात वर केले तरी तुमचा करार त्याच्याशी उरलेलाच नसतो, म्हणून तुमचे पैसे अडकत नाहीत.

पण मग ते पैसे येतात कुठून? क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे पैशांची टांकसाळ नाही. ती भाव ठरवत नाही, तेजी-मंदीत भाग घेत नाही. तिच्याकडे जितक्या गाठींची खरेदी लिहिलेली असते तितक्याच गाठींची विक्रीही असते. एकाने बुडवले की ही बरोबरी बिघडते आणि तिला दुसऱ्याचे देणे स्वतः भागवावे लागते. त्यामुळे तिचे सगळे कौशल्य एकाच गोष्टीत आहे. कुणी बुडण्याआधीच त्याच्याकडून पुरेसे पैसे घेऊन ठेवायचे.

धरणगावच्या जिनिंगवाल्याचे उदाहरण आकड्यांनी पाहू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण मोजण्याची पद्धत खरी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एमसीएक्सने कापसाचा वायदा नव्या रूपात सुरू केला. त्यात भाव खंडीवर बोलला जातो आणि एक लॉट ४८ खंडींचा, म्हणजे साधारण शंभर गाठींचा असतो. आपल्या जिनिंगवाल्याने ५८,००० रुपये खंडीने एक लॉट विकला. सौद्याची किंमत झाली २७ लाख ८४ हजार. ही रक्कम कुणीच कुणाला आज देत नाही. पण विकणारा आणि घेणारा दोघांनाही मार्जिन भरावे लागते. ते दहा टक्के आहे असे धरले तर प्रत्येकाचे २ लाख ७८ हजार ४०० रुपये अडकतात.

पहिल्या दिवशी वायदा ५८,७०० वर बंद झाला. विकणाऱ्याचे खंडीमागे ७०० रुपये नुकसान, म्हणजे लॉटमागे ३३,६००. हे पैसे त्याच्याकडून लगेच वसूल होतात आणि खरेदीदाराच्या खात्यात जमा होतात. बाजारातली मंडळी याला एमटीएम म्हणतात. दुसऱ्या दिवशी भाव ५९,५००, आणखी ३८,४०० गेले. एमटीएममुळे कुणाचेही नुकसान महिनाभर साचत नाही. रोजचा हिशेब रोज फिटतो. बुडणाऱ्याने फार तर एक-दोन दिवसांचे पैसे बुडवावेत, सगळ्या हंगामाचे नव्हे, एवढीच सोय यात केलेली आहे.

तिसऱ्या दिवशी भाव ६०,९०० झाला आणि जिनिंगवाल्याकडे पैसे नाहीत असे समजा. त्या दिवसाचे ६७,२०० रुपये यायला हवे होते, ते आले नाहीत. खरेदीदाराला मात्र ते मिळतात, कारण विक्रेत्याचे मार्जिन हाताशी आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा सौदा बाजारातच उलटा करून बंद केला जातो. त्याने विकले होते तितकेच बाजारातून घ्यायचे. तोवर भाव ६१,५०० झाला असेल तर आणखी २८,८०० गेले. एकूण ९६,००० रुपये मार्जिनमधून वजा झाले आणि १ लाख ८२ हजार ४०० उरले. विक्रेता गेला, त्याच्या जागी दुसरा कुणी विक्रेता आला, आणि कोईमतूरच्या खरेदीदाराला यातले काही कळलेही नाही.

या उदाहरणात एक अन्यायही दडलेला आहे आणि तो खानदेशातल्या जिनिंगवाल्यांना चांगला माहीत आहे. हा माणूस सट्टेबाज नव्हता. त्याच्या आवारात शंभर गाठी खरोखर पडल्या होत्या. वायद्यात त्याचे नुकसान झाले तितकाच त्या गाठींचा भाव वाढलेला होता. पण गाठींचा फायदा गिरणीने पैसे दिल्यावर मिळणार आणि वायद्याचे नुकसान आज संध्याकाळी भरायचे. भाव चढत राहिला तर बरोबर असलेला माणूसही रोकड संपून बाहेर फेकला जातो. जळगाव-धुळ्यातले बरेच जिनिंगवाले वायद्यापासून लांब राहतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. हमी देणाऱ्या यंत्रणेला तुमच्या गोदामातला माल दिसत नाही. तिला फक्त रोख आणि तारण दिसते. हे तिचे अज्ञान नाही. गोदामातल्या मालावर विश्वास ठेवला की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी त्या रात्रीविषयी, जेव्हा मार्जिनचे सगळे गणित कोसळले.

२० एप्रिल २०२०, सोमवार. देशात टाळेबंदी होती. एमसीएक्सचे सौदे एरवी रात्री उशिरापर्यंत चालत, पण मार्चअखेरपासून ते संध्याकाळी पाचला बंद होत होते. त्या दिवशी कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याची मुदत संपत होती. हा वायदा फक्त पैशांत मिटतो, तेलाचे पिंप कुणी घरी आणत नाही. अखेरचा भाव ठरतो न्यूयॉर्कच्या बाजारावरून. तिथला त्या दिवसाचा बंद भाव रुपयांत बदलायचा आणि त्याने हिशेब करायचा, असा करार होता. पाच वाजता मुंबईत शेवटचा भाव ९६५ रुपये पिंप होता. जवळपास साडेअकरा हजार लॉट अजून उघडे होते.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळ होती. जगभर गाड्या आणि विमाने थांबलेली, तेल साठवायच्या टाक्या भरलेल्या. मे महिन्याचे तेल ताब्यात घ्यायला कुणी तयार नव्हते. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले तेव्हा तिथला भाव शून्याच्या खाली गेला. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, अशी ती अवस्था होती. आपल्याकडे मध्यरात्र झाली त्या सुमारास तिथला दिवसाचा भाव ठरला, उणे ३७.६३ डॉलर. रुपयांत तो होतो उणे २,८८४.

एका लॉटचा हिशेब मांडून पाहा. लॉट शंभर पिंपांचा. संध्याकाळी पाचला खरेदीदाराच्या हातात ९६,५०० रुपयांचा सौदा होता. एरवी त्याचे जास्तीत जास्त नुकसान तेवढेच, कारण भाव शून्यावर आला की आणखी घसरायला जागा नसते. पण भाव ९६५ वरून उणे २,८८४ वर गेला, म्हणजे पिंपामागे ३,८४९ रुपयांनी पडला. लॉटमागे ३ लाख ८४ हजार ९०० रुपये. सौद्याच्या पूर्ण किमतीइतके, शंभर टक्के मार्जिन घेतले असते तरी २ लाख ८८ हजार ४०० रुपये कमी पडले असते. सगळ्या उघड्या लॉटना गुणले तर पाच वाजल्यानंतरच्या सात तासांत घेणाऱ्यांच्या खिशातून विकणाऱ्यांच्या खिशात जायची रक्कम ४४० कोटींच्या घरात जाते. आणि त्या सात तासांत मुंबईत कुणालाही आपला सौदा मिटवता येत नव्हता. ज्यांनी शेवटच्या क्षणी “एवढे स्वस्त तेल कुठे मिळणार” म्हणून खरेदी केली, त्यांना तर आपण किती मोठा धोका उचलतो आहोत याची कल्पना असणेच शक्य नव्हते. एमसीएक्सच्या संगणकाला तेव्हा उणे भाव लिहिताही येत नव्हता.

त्या रात्री एक्स्चेंजने तात्पुरता हिशेब एक रुपया भावाने केला आणि दुसऱ्या दिवशी उणे २,८८४ हा अखेरचा भाव जाहीर केला. दलालांमध्ये हाहाकार उडाला. काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे होते की जो भाव आमच्या पडद्यावर दिसूच शकत नव्हता त्याने हिशेब कसा करता? हा प्रश्न रास्त होता आणि माझ्या मते त्याचे पूर्ण उत्तर कुणी दिले नाही. पण दुसऱ्या बाजूला ज्यांनी तेल विकले होते तेही होते. त्यातल्या अनेकांनी परदेशी बाजारात उलटा सौदा केला असणार आणि तिथे तेवढेच पैसे भरले असणार. त्यांना मुंबईत करारातला भाव नाकारला असता तर हमी या शब्दाला अर्थच उरला नसता. शेवटी हिशेब करारातल्या भावाने झाला, सदस्यांनी पैसे भरले आणि विकणाऱ्यांना ते मिळाले.

पैसे कुणी भरले, यात या व्यवस्थेची खरी रचना दिसते. जळगावच्या नवीपेठेतला एखादा छोटा गुंतवणूकदार थेट क्लिअरिंग कॉर्पोरेशनशी बांधलेला नसतो. तो दलालाशी बांधलेला, दलाल क्लिअरिंग सदस्याशी, आणि क्लिअरिंग सदस्य कॉर्पोरेशनशी. पुष्कळदा दलाल स्वतःच क्लिअरिंग सदस्य असतो. कॉर्पोरेशन फक्त शेवटच्या कडीला ओळखते. ग्राहकाने पैसे दिले नाहीत हे कारण सदस्याला सांगता येत नाही. त्याने ठरलेल्या वेळेत भरायचेच, मग ग्राहकाच्या मागे लागायचे, लवादाकडे जायचे, कोर्टात जायचे. त्या मंगळवारी नुकसान ग्राहकांचे होते पण पहिला धक्का दलालांच्या तिजोरीने झेलला. तिजोरी मजबूत होती म्हणून तो तिथेच थांबला.

ती मजबूत नसती तर? यासाठी सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये एक क्रम ठरवून दिला. कुणाचे पैसे आधी वापरायचे आणि कुणाचे नंतर, याचा तो क्रम आहे. तो पायऱ्यांनी समजून घेतला पाहिजे, कारण कुठल्या पायरीवर कोण उभा आहे यावरून कोण किती काळजीने वागणार हे ठरते.

एका क्लिअरिंग सदस्याने ७० कोटी रुपये भरले नाहीत असे धरू. कॉर्पोरेशन आधी त्याचे व्यवहार थांबवते, त्याचे उघडे सौदे बाजारात मिटवते किंवा त्याच्या चांगल्या ग्राहकांचे सौदे दुसऱ्या सदस्याकडे हलवते. मग हिशेब. सर्वांत आधी त्या बुडालेल्या सदस्याचेच सगळे पैसे वापरले जातात, म्हणजे त्याचे मार्जिन, ठेवी, तारण ठेवलेले रोखे आणि हमी निधीतला त्याचा वाटा. यातून ३० कोटी निघाले, ४० राहिले. विमा असेल तर त्यानंतर तो. नसेल तर पुढची पायरी कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या भांडवलाची. त्या विभागासाठी हमी निधी किमान किती असावा हे ठरलेले असते, त्याच्या पाच टक्के. किमान निधी ५०० कोटी असेल तर २५ कोटी. राहिले १५. यानंतर मुख्य हमी निधीला हात लागतो, आणि त्यातही आधी दंडातून जमलेली रक्कम, मग कॉर्पोरेशनने घातलेला वाटा, किमान निधीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत. आपल्या उदाहरणात ही मर्यादा १२५ कोटींची आहे. १५ कोटी इथे सहज फिटतात.

म्हणजे बाकीच्या, न बुडालेल्या सदस्यांच्या एका रुपयालाही धक्का लागला नाही. हे मुद्दाम केलेले आहे. मार्जिन किती घ्यायचे हे कॉर्पोरेशन ठरवते. तिने धंदा वाढावा म्हणून मार्जिन कमी ठेवले तर पहिली झळ तिलाच बसली पाहिजे. म्हणून हमी निधीत निम्म्याहून कमी नाही इतका पैसा तिचा, किमान पाव एक्स्चेंजचा आणि सदस्यांचा जास्तीत जास्त पाव, असे प्रमाण ठरले आहे. निधी पुरेसा आहे का हे पाहण्यासाठी नेहमी चाचण्या होतात. बाजार भयंकर कोसळला किंवा चढला आणि त्याच दिवशी सर्वांत मोठे सदस्य बुडाले तर काय होईल, असे गणित मांडून निधीचा आकडा काढला जातो.

नुकसान याहूनही मोठे असेल तर उरलेला निधी सगळ्यांच्या वाट्याने वापरला जातो, मग कॉर्पोरेशनचे उरलेले भांडवल, मग न बुडालेल्या सदस्यांकडून ठराविक मर्यादेपर्यंत जादा वर्गणी. आणि हे सगळे संपले तर? शेवटची पायरी नियमात स्पष्ट लिहिलेली आहे आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. ज्यांना पैसे मिळायचे आहेत त्यांच्या रकमेत प्रमाणात कपात. जिंकलेल्याला शंभराऐवजी ऐंशी. हमीला तळ आहे आणि तो तळ कुठे आहे हे आधीच सांगून ठेवले आहे, हे मला या व्यवस्थेतले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते.

वरच्या पायऱ्या ओलांडून दुसऱ्यांच्या पैशांपर्यंत पोहोचायची वेळ जगात खरोखर आली आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये नॉर्वेच्या एका वीज-व्यापाऱ्याचा सौदा एका दिवसात इतका उलटला की त्याचे मार्जिन पुरले नाही. स्टॉकहोमच्या नॅसडॅक क्लिअरिंगला ११.४ कोटी युरोंचा खड्डा भरावा लागला. त्यातले ७० लाख संस्थेने घातले आणि उरलेले १०.७ कोटी अशा सदस्यांच्या निधीतून गेले ज्यांचा त्या माणसाशी काही संबंध नव्हता. आपल्याकडच्या क्रमात कॉर्पोरेशनचा वाटा आधी आणि मोठा का हवा, हे त्या एका आकड्याने समजते.

कच्च्या तेलाच्या रात्रीनंतर सेबीने सप्टेंबर २०२० मध्ये नवे नियम काढले. ज्या मालाचा भाव शून्याच्या आसपास किंवा खाली जाऊ शकतो, त्याचे मार्जिन वेगळ्या पद्धतीने मोजायचे. जुने गणित भावाच्या टक्क्यात चाले. भाव पडत जाईल तसे मार्जिनही आक्रसत जाई, आणि धोका सर्वांत मोठा असताना हाताशी पैसे सर्वांत कमी राहत. ही चूक कुणा एकाची नव्हती, पण ती दुरुस्त होण्यासाठी शेकडो कोटी एका हातातून दुसऱ्या हातात जावे लागले.

आता गोदामातल्या मालावर विश्वास ठेवण्याची गोष्ट. मुंबईत नॅशनल स्पॉट एक्स्चेंज नावाचा बाजार होता. नाव एक्स्चेंज, जाहिरातीत हमी निधी, गोदामाच्या पावत्या, सगळे काही. तिथे एकाच वेळी दोन सौदे जोडीने विकले जात. आज माल घ्या, दोन दिवसांनी पैसे भरा, आणि त्याच मालाची पंचविसाव्या दिवशी चढ्या भावाने विक्री करा. भावातला फरक म्हणजे गुंतवणूकदाराचे व्याज. प्रत्यक्षात ते उधार देणे होते आणि तारण म्हणून गोदामात माल आहे असे सांगितले जाई. ३१ जुलै २०१३ रोजी सौदे थांबले तेव्हा सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे जवळपास ५,६०० कोटी रुपये अडकले. देणेकरी होते केवळ चोवीस. अनेक गोदामांत माल नव्हता. हमी निधीचा आकडा शेकडो कोटींचा सांगितला जात होता, तो तपासल्यावर ६२ कोटींच्या आसपास निघाला. ऑगस्टमध्ये ठरलेल्या पहिल्याच हप्त्याला १७४ कोटींऐवजी ९२ कोटी वाटले गेले.

तिथे काय नव्हते ते पाहा. करार आपल्या नावावर घेणारी, एक्स्चेंजपासून वेगळी असलेली क्लिअरिंग संस्था नव्हती. नुकसान रोज वसूल होत नव्हते, ते पंचवीस-पंचवीस दिवस पुढे ढकलले जाई आणि नव्या सौद्यात मुरवले जाई. देणेकरी इतके थोडे होते की त्यातला एक बुडाला तरी निधी पुरणार नव्हता, आणि कुणी तसे गणित मांडूनच पाहिले नव्हते. महाराष्ट्राच्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली हे प्रकरण चालले आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा या एक्स्चेंजला लागू होतो असे ठरवले. म्हणजे घटनेला जवळपास नऊ वर्षे झाल्यावर मूळ प्रश्नाचा निकाल लागला. खऱ्या क्लिअरिंगमध्ये या प्रश्नाचे उत्तर त्याच संध्याकाळी मिळते.

डब्बा हा याचाच गावठी भाऊ. धुळे-जळगावात सोन्याच्या, तेलाच्या भावावर कागदावर किंवा फोनवर सौदे घेणारी माणसे आहेत हे लपून राहिलेले नाही. भाव एमसीएक्सचा, पण सौदा एमसीएक्सपर्यंत जातच नाही. डब्बेवाला स्वतःच समोरची बाजू असतो. तुम्ही मोठे जिंकलात की तो गायब होतो, आणि सौदाच बेकायदा असल्यामुळे दाद कुठे मागणार? मार्जिन कमी लागते, कर भरावा लागत नाही, म्हणून तरुण तिकडे ओढले जातात. मार्जिन कमी का लागते याचे उत्तर वरच्या पायऱ्यांत आहे. तिथे पायऱ्याच नाहीत.

कापसाच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे आणि गाठी हव्या असणाऱ्या गिरणीने ती आधी समजून घ्यावी. वायद्याची मुदत संपताना विक्रेत्याला मुख्य केंद्र राजकोट किंवा करारात ठरलेल्या इतर केंद्रावर प्रत्यक्ष गाठी द्याव्या लागतात. त्याने दिल्याच नाहीत तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन कुठून तरी गाठी पैदा करून आणत नाही. विक्रेत्यावर दंड बसतो आणि त्यानंतरच्या दिवसांतल्या चढ्या हजर भावाशी असलेला फरक त्याच्याकडून वसूल होतो. दंडाचा काही भाग आणि तो फरक खरेदीदाराला मिळतो, दंडाचा मोठा भाग हमी निधीत जातो. मुदत जवळ आली की मार्जिन वाढवले जाते तेही याचसाठी. खरेदीदाराचे पैशांचे नुकसान भरून निघते, पण सोमवारी गिरणीच्या चात्या फिरवायला कापूस लागतो आणि तो त्याला दुसरीकडूनच शोधावा लागतो. हमी पैशांची आहे, रुईची नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा दलालाची. कार्वी या मोठ्या दलाल कंपनीने ग्राहकांचे २,३०० कोटींहून अधिक किमतीचे शेअर आपल्या कामासाठी गहाण टाकल्याचे उघड झाले आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास बंदी केली. त्या सगळ्या काळात बाजारातल्या सौद्यांचे सेटलमेंट कधी थांबले नाही. क्लिअरिंगची हमी शाबूत होती. तरी हजारो लोकांच्या झोपा उडाल्या, कारण त्यांचा माल बाजाराच्या आणि त्यांच्या मधल्या कडीत अडकला होता, आणि हमी त्या कडीच्या पलीकडे सुरू होते. जळगावच्या एका सब-ब्रोकरने मला सांगितले की त्याचे ग्राहक आजही विचारतात, “एक्स्चेंज सरकारी आहे ना, मग आमचे पैसे बुडतील कसे?” एक्स्चेंज सरकारी नाही, आणि दलालाने आपल्याच ग्राहकाचे पैसे उडवले तर त्यासाठी वेगळा गुंतवणूकदार संरक्षण निधी आहे. त्याला मर्यादा आहे, दावा दाखल करावा लागतो आणि वेळ जातो.

कार्वीनंतर ही कडी बरीच आवळली गेली. पूर्वी दलाल सगळ्या ग्राहकांचे मार्जिन एकत्र करून भरत असे आणि कुणाचे किती हे कॉर्पोरेशनला दिसत नसे. एका ग्राहकाच्या पैशांवर दुसऱ्याचा सौदा चालायचा तो याच अंधारात. मे २०२२ पासून प्रत्येक ग्राहकाच्या नावाने तारण वेगळे नोंदवावे लागते. ग्राहकाला ते क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर स्वतः पाहता येते. पॅन टाकून नोंदणी करायची आणि आपल्या दलालाने आपल्या नावावर किती तारण दाखवले आहे ते वाचायचे. दलालाच्या अ‍ॅपवर दोन लाख दिसतात आणि तिथे सव्वा लाख, असे झाले तर कारण साधेही असू शकते. काही पैसे बँकेतून यायचे असतील, काही अजून वाटून दाखवले नसतील. पण त्याच दिवशी लेखी विचारावे आणि चार दिवसांत फरक मिटला नाही तर एक्स्चेंजकडे तक्रार करावी. मी ज्या सब-ब्रोकरशी बोललो, त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या दोनशेच्या आसपास ग्राहकांपैकी हे पान उघडून पाहणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके आहेत, आणि त्यातले बहुतेक कापसाचे व्यापारी आहेत.